काजं नीट काढ

आमच्या आजोबांच्या टेलरिंगच्या दुकानाचा एकच फोटो आहे. कर्जतच्या बाजारात, स्टेशनापासून चालत पाचेक मिनिटांवर ते दुकान होतं आणि आजोबांनी ते पस्तीस वर्षं चालवलं. एवढ्या वर्षांत फोटो काढायची वेळ एकदाच आली, तीही फुकटात. बाजारातल्या एका फोटोग्राफरने दोन पॅंटी शिवून घेतल्या होत्या आणि शिलाई द्यायचं तो महिनोन् महिने पुढे ढकलत होता. शेवटी तो एका सकाळी कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, पैशांऐवजी फोटो घ्या. आजोबांच्या मते तो व्यवहार तोट्याचा होता. आजीच्या मते दोन पॅंटींच्या बदल्यात घरात जी एकमेव न फाटणारी वस्तू आली ती हीच.

फोटो पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. फळ्यांचं दार असलेलं दुकान, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं पायाचं मशीन आणि मशीनमागे तिशीतले आजोबा. गळ्यात टेप. डोक्यावर आडव्या बांबूला टांगलेले तयार कपडे, त्यात सगळ्यांत पुढे एक फुल शर्ट. मागच्या भिंतीवर एक तसबीर, पण तिच्या काचेवर उजेड पडल्याने तिथे नुसता पांढरा चौकोन दिसतो. ती नामदेव महाराजांची होती हे आजोबांनी सांगितलं म्हणून आम्हाला माहीत.

फोटो कधीचा, हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आजोबा म्हणायचे ‘धाकटीच्या आधीचा’, म्हणजे माझ्या आत्याच्या जन्माआधीचा. फोटोच्या वरच्या कडेला दुकानाच्या पाटीची खालची ओळ तेवढी आलीये आणि तिच्यात ‘जि. कुलाबा’ वाचता येतं. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये. अर्थात नाव बदललं म्हणून कुणी लगेच पाटी रंगवून घेत नाही, त्यामुळे नुसत्या पाटीवरून पक्कं काही ठरत नाही. पण बांबूवर शर्टाच्या बाजूला एक पॅंट आहे. गुडघ्यापासून खाली ती अशी पसरत गेलीये की आजोबा लगेच म्हणाले, “बेलबॉटम आहे ही. मोहरी चोवीसच्या खाली नसेल.” मोहरी म्हणजे पायाचा खालचा घेर. ही फॅशन सत्तरच्या दशकातली. पाटी, पॅंट आणि आत्या, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. आम्ही फोटोखाली ‘१९७५च्या आसपास’ असं मानून चालतो.

गेल्या वर्षी आम्हा नातवंडांच्या डोक्यात आलं की या फोटोवरून एक मोठं चित्र करावं. मी चित्रं काढूनच पोट भरते, पुस्तकांची, पाकिटांवरची, जे येईल ते. माझा भाऊ कर्जतच्या घरी असतो. आतेबहीण खोपोलीला असते, तिचा फ्लॅट नवा आणि भिंती मोकळ्या. दोन घरांत दोन प्रती लावायच्या असं ठरलं. फोटोच मोठा करून का नाही लावला, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर फोटोतल्या आजोबांच्या चेहऱ्यात आहे. मूळ फोटोत तो चेहरा तुरीच्या डाळीएवढा आहे. तो दोन फुटी भिंतीसाठी मोठा केला की डोळ्यांच्या जागी चार-पाच करडे ठिपके उरतात. मोठं केल्याने ठिपके मोठे होतात, त्यांच्यात नसलेला डोळा येत नाही.

आधी फोटोची चांगली नक्कल हवी होती आणि तिथेच पहिली अडचण आली. फोटो फ्रेममध्ये होता आणि फ्रेमच्या काचेला चिकटला होता. जुने फोटो ज्या कागदावर असतात त्याच्या वरच्या थराला जिलेटिन असतं. आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या दमटपणात जिलेटिन मऊ पडतं, काचेला टेकलेलं असेल तर तिथेच बसतं, आणि उन्हाळ्यात सुकलं की काच आणि फोटो एक होतात. असा फोटो ओढून सोडवायला गेलं तर चित्र काचेवर राहतं आणि हातात पांढरा कागद येतो. भावाने फ्रेमच्या मागचं पुठ्ठ्याचं अंग काढलं, पण काच आणि फोटो यांना हात लावला नाही. काचेसकटच नक्कल करायची ठरली.

काचेतून स्कॅनरवर ठेवून पाहिलं तर फोटो धुरकट आला. घरात मिळतो तसल्या साध्या स्कॅनरला अगदी त्याच्या काचेवर टेकलेला कागदच नीट दिसतो, मध्ये दोन मिलिमीटरची दुसरी काच आली की तो गोंधळतो. म्हणून फोनने फोटोचा फोटो काढायचा. फ्रेम टेबलावर आडवी, खिडकीचा उजेड एका बाजूने, फोन बरोबर वर आणि फोटोला समांतर. फोन फार जवळ नेला तर दुकानाच्या सरळ फळ्या कडांना वाकतात, म्हणून थोडं लांब राहून दुप्पट झूम. एवढं करूनही काचेत माझा हात, फोन आणि छताचा पंखा लख्ख दिसत होते. शिवाय फोटोच्या काळ्या भागांवर एक निळसर चंदेरी तवंग होता. ती त्या कागदातलीच चांदी असते, वर्षानुवर्षांत पृष्ठभागावर आलेली, आणि उजेड अंगावर आला की चकाकते.

या सगळ्यावर उपाय एकच, फोटोला वर काळ्याशिवाय काही दिसू द्यायचं नाही. मी म्हटलं एखादी काळी चादर धरू आणि लेन्सपुरतं भोक पाडू. आजोबा हे सगळं आरामखुर्चीतून बघत होते. ‘भोक’ हा शब्द त्यांना सहन झाला नाही. म्हणाले, “कापडाला भोक पाडत नाहीत. काज करतात.” मग ट्रंकेतून काळ्या अस्तराचा तुकडा निघाला, आजोबांनी खडूने फोनच्या लेन्सएवढी खूण केली, आणि तो तुकडा त्यांनी न विचारता आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने अर्ध्या तासात त्याला काठ बांधून दिला. त्या काजातून काढलेल्या फोटोत ना हात होता, ना पंखा, ना तवंग. माझ्या कामाच्या आयुष्यातलं सर्वांत नेटकं उपकरण तेच.

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं असं नाही, पण कापड कुठून कुठे गेलं ते मी पाहिलं होतं. आजोबांच्या हातून खूण झाली आणि काज करायला ते आजीकडे गेलं. आयुष्यभर ते तसंच जात होतं.

चित्राला मी ७२०० गुणिले ४८०० पिक्सेलचा कोरा पट उघडला, म्हणजे इंचाला ३०० या हिशोबाने २४ बाय १६ इंच. फोटो त्याच्या खाली फिकट करून ठेवला आणि वर रेघा ओढायला लागले. मोठ्या आकारांना त्रास नव्हता. फळ्या, ओटा, मशीनचं लोखंडी जाळीचं पाऊल, सगळं फोटोत होतं. प्रश्न चेहऱ्यापासून सुरू झाला.

फोटोत आजोबा समोर, कॅमेऱ्याकडे बघतायत. डोळे नाहीतच, म्हणून आतेबहीण म्हणाली लग्नाच्या फोटोतले घे, तो मोठा आहे. मी तसं एक कच्चं रेखाटन केलं आणि आजोबांना दाखवलं. त्यांना आवडलं नाही. डोळे चुकले असतील म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, “डोळे ठीक आहेत. पण शिवताना समोर कोण बघतं? सुई बोटात जाईल. त्याने सांगितलं इकडे बघा, म्हणून मी पाय पायडलवरून काढला आणि बघितलं. हा काम करणारा माणूस नाही, फोटो काढून घेणारा माणूस आहे.”

मग मी त्यांना खाली बघायला लावलं. नजर सुईवर, डावा हात कापड पुढे सरकवणारा, उजवा हात मशीनच्या चाकाशी. हे मी मनाने केलं नाही. माळ्यावर मशीन अजून आहे. त्याचा चामड्याचा पट्टा सुकून तुटलाय, पण आजोबा स्टुलावर त्याच्यामागे बसले आणि भावाने ओट्याच्या उंचीवरून फोटो काढले. त्र्याऐंशी वर्षांच्या पाठीवरून मी बत्तीस वर्षांची पाठ काढली. मान किती झुकते, कोपर कुठे येतं, हे वयाने फार बदललेलं नव्हतं. खाली बघणाऱ्या माणसाचे डोळे दिसत नाहीत, पापण्या दिसतात, त्यामुळे नसलेले डोळे बनवायचा प्रश्नही मिटला.

यात एक गंमत होती. फोटो खरा आणि चित्र बनवलेलं, असं आपण धरून चालतो. इथे फोटोतली बैठक एका सकाळी एका सेकंदासाठी बनवलेली होती, आणि चित्रातली बैठक रोज दहा तास खरी होती. म्हणून हा बदल करताना मला काही वाटलं नाही. पुढचे दोन मात्र इतके सोपे नव्हते.

पहिला आतेबहिणीच्या भिंतीचा. तिच्या हॉलमध्ये चित्राची जागा दाराच्या उजवीकडे होती आणि मशीन चित्राच्या डाव्या अंगाला होतं. तिला वाटलं, चित्र उलटं केलं तर आजोबा दारातून येणाऱ्याच्या बाजूला येतील. चित्र काढणारे असं उलटं करून नेहमीच बघतात. आरशात पाहिल्यासारखं चित्र उलटलं की नाक वाकडं आलंय का ते चटकन कळतं. बोटाच्या एका टोकाने होतं. आम्ही ते उलटं करून, पाटीवरची अक्षरं तेवढी सरळ करून आजोबांपुढे टॅबलेट धरला आणि काहीही सांगितलं नाही.

त्यांना तीन सेकंद लागले. “चाक कुठे नेलंस?”

शिवणयंत्राचं हातचाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. तो आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर ते आपल्याला डावीकडे दिसतं. आमच्या उलट्या चित्रात ते उजवीकडे गेलं होतं, म्हणजे आजोबा जगात नसलेल्या मशीनवर शिवत होते. मग त्यांनी बांबूवरच्या शर्टाकडे बोट केलं. “आणि हा बाईचा शर्ट कुणी टांगला?” पुरुषाच्या शर्टाची काजपट्टी घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असते आणि बटणं उजव्या, बायकांच्या कपड्यांत ते उलट. सत्तरच्या दशकातल्या कर्जतच्या बाजारात, पुरुषांच्या टेलरकडे, सगळ्यांत पुढे बायकांचा शर्ट. कात्रीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण तीही आता डावऱ्याची झाली होती.

कुठल्याही जुन्या दुकानाचा फोटो सरळ छापलाय की उलटा, हे पाटी दिसत नसली तरी यावरून ओळखता येतं. जुनी निगेटिव्ह उलटी ठेवून छापणं सहज घडतं. मशीनचं चाक बघायचं, नाहीतर शर्टाची पट्टी. चित्र परत सरळ झालं, आणि बहिणीने दाराच्या डावीकडची भिंत रिकामी केली.

दुसरा प्रश्न आजीचा.

तो भावाने काढला. म्हणाला, या चित्रात आजी कुठेच नाही. फोटोत नाही कारण ती दुकानात नव्हती, पण आता आपण चित्र काढतोय, आता कोण अडवतंय? ओट्यावर डाव्या बाजूला जागा होती. तिथे आजीला बसवायचं, मांडीवर शर्ट, हातात सुई. खरं सांगायचं तर चित्र म्हणूनही ते चांगलं दिसलं असतं. मशीनच्या काळ्या जडपणासमोर नऊवारीचा एक मोठा फिकट आकार मला हवाच होता.

कारण आजीचं काम आम्हाला माहीत होतं. टेलरच्या दुकानात मशीनवर कपडा उभा राहतो, पण तो पुरा होत नाही. काजं, बटणं, खालची दुमड, हूक, हे हाताने करायचं. तेव्हा बहुतेक दुकानं ते काज-बटणवाल्याला नगावर देत. आमच्या दुकानाचं गाठोडं संध्याकाळी घरी येई. आजी स्वयंपाक, भांडी आणि मुलं आटपून रात्री दिव्याखाली बसायची. एका शर्टाला सात काजं. खुणेवर कापडाला नेमकी चीर द्यायची, चिरेच्या कडेने दोरा टाकून घ्यायचा म्हणजे ती पसरत नाही, मग त्या दोऱ्यावरून काजाचे टाके, एकाला एक चिकटून, प्रत्येक टाक्याची गाठ बरोबर चिरेच्या ओठावर. टोकाला आडवे दोन टाके मारून बंद. गाठी ओठावर नीट बसल्या नाहीत तर बटणाच्या घासण्याने काज महिन्यात फाटतं आणि गिऱ्हाईक टेलरला शिव्या घालतं. एका शर्टाला तिला तासभर लागे. जूनमध्ये शाळेचे गणवेश आले आणि दिवाळीला बाजार भरला की गाठोड्यात दहा-दहा शर्ट असत. तिला नगावर पैसे कधी मिळाले नाहीत. घरचंच काम होतं.

भावाचं म्हणणं आजोबांनी ऐकून घेतलं आणि ते गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “ती दुकानात कधी आली नाही रे. बाजारात बाया अशा बसत नव्हत्या.” भाऊ चिडला. त्याला वाटलं आजोबा तिचं काम नाकारतायत. घरात त्या दिवशी जेवताना कुणी कुणाशी फार बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आजीने स्वतःच विषय काढला. “मला तिथे कशाला बसवता? हे बरोबर बोलतायत. मी दुकानात नव्हते. दुकान माझ्याकडे यायचं.” मग तिने टॅबलेट मागितला. तिला तो धरता येत नाही, मी धरला. बांबूवरच्या शर्टावर तिने बोट ठेवलं, तर चित्र एकदम मोठं झालं आणि ती दचकली. “हा शर्ट माझा आहे. ह्यात तू नुसते ठिपके दिलेस. काजं नीट काढ.”

मी सात उभ्या रेघा काढल्या. तिने मान हलवली. “वरचं आडवं.” तेव्हा मी अंगातल्या शर्टाकडे बघितलं. कॉलरच्या पट्टीवरचं काज आडवं असतं, खालची सहा उभी. उभ्या पट्टीवर काज उभं असलं की बटण ओळीत राहतं. गळ्याशी मात्र ओढ आडवी बसते, श्वास घेतला, मान वळवली की बटण बाजूला सरकायला बघतं, त्याला जागा द्यायला काज आडवं. मी कैक वर्षं शर्ट घालतेय आणि शेकडो काढलेत. हे मला आजीने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

आजी ओट्यावर बसली नाही. डावीकडची जागा फोटोत होती तशी रिकामीच ठेवली. आजोबांना खाली बघायला लावणं आणि आजीला ओट्यावर बसवणं, दोन्ही फोटोपासून दूर जाणंच होतं. पण पहिल्याने रोज घडणारी गोष्ट परत आली असती आणि दुसऱ्याने कधीच न घडलेली गोष्ट भिंतीवर चढली असती. पुढच्या पिढीने चित्र बघून म्हटलं असतं, वा, पणजी दुकानात बसायची. तिला बसू दिलं नव्हतं हे त्या सुंदर चित्राखाली पुसून गेलं असतं.

रंगांतही आम्ही तोच नियम पाळला. काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद लाल आणि गडद हिरवा एकसारखे करडे दिसतात, त्यामुळे फोटोवरून रंग ठरत नाही. ज्याचा रंग कुणाला तरी नक्की आठवत होता तेवढंच रंगवलं. टेप पिवळी. मशीन काळं, त्यावर सोनेरी वेल. मागे टांगलेल्या शाळेच्या चड्ड्या खाकी. बाकी सगळं दुकान मातकट करड्या रेघांत आहे. पुढचा शर्ट कुठल्या रंगाचा होता यावर आजी-आजोबांचं अजून एकमत नाही, म्हणून तो पांढराच राहिला.

छापताना कागद की कापड हा प्रश्न आला आणि तो आजीच्या देवघराने सोडवला. आजीचं माहेर खालापूर तालुक्यातलं, चौकच्या बाजूला. तिथून लग्नात आलेलं लक्ष्मीचं एक जुनं छापील चित्र तिच्या देवघरात आहे आणि त्या लक्ष्मीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या आहेत. ही आमच्या घरची लहर नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांत तो मळवलीला नेला. कर्जतहून गाडी मागून इंजिन लावून घाट चढते, वर लोणावळा येतं, त्याच्या पुढचं स्टेशन मळवली. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून देवादिकांची चित्रं छापली जात आणि घरोघर जात. लोक त्यांच्यावर कापड, जर, टिकल्या लावून त्यांना सजवत. छापून हजारो घरी गेलेलं चित्र अशा टाक्यांनी एका घराचं होई.

आम्ही चित्र कॅनव्हासवर छापलं. फ्रेमवर ताणायच्या आधी दोन्ही प्रती आजीच्या पुढ्यात ठेवल्या. फोटोत जेवढं दुकान आलंय ते साधारण आठ फूट रुंद, आणि चित्र दोन फूट, म्हणजे पाव मापाचं. शिवणक्लासच्या वहीत ड्राफ्टिंग काढतात तेही पाव मापाने, त्यामुळे आजोबांनी लगेच हिशोब केला: पाच सूत काजाचं सव्वा सूत, म्हणजे चार मिलिमीटर. एवढ्यात खरं काज होत नाही. पण दोन टाके बसतात.

छापील कॅनव्हासला सुई लावणं जोखमीचं असतं. कापडावर रंग धरायला एक लेप असतो. जाड सुई गेली तर भोकाभोवती तो लेप चुन्यासारखा उडतो आणि खालचं कोरं कापड दिसतं. आणि कापडात भोक मिटतं तसं इथे मिटत नाही, सुई चुकीच्या जागी गेली तर ती खूण कायमची. म्हणून कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीवर आधी करून बघितलं. घरातल्या नेहमीच्या सुईने लेप उडाला. मोत्यांच्या कामाची बारीक सुई आणली, दोरा एकेरी घेतला, आणि खालून वर येताना सुई दिसत नाही म्हणून आजोबांनी वरूनच प्रत्येक काजाच्या दोन टोकांना टाचणीने आधी भोकं पाडून ठेवली. हो, या वेळी भोकंच. आजीने सुईत दोरा मात्र मला ओवायला लावला.

सहा उभी, एक आडवं. दोन प्रतींची मिळून चौदा. तिला दोन दुपारी लागल्या. पहिल्या प्रतीतलं चौथं जरासं तिरकं गेलंय, ती म्हणाली उसवू नकोस, तिथे लेप उडेल.

आता एक प्रत खोपोलीला आहे, एक कर्जतला. कॅनव्हासला काच नाही, त्यामुळे चिकटायचा प्रश्न नाही. पण आमच्या भिंतीची ओल मागून आत शिरतेच आणि कापडाला बुरशी धरते. चित्र भिंतीपासून जरा सुटं राहायला हवं, मागून वारा फिरला पाहिजे. आजोबांनी डब्यातून कोटाची चार जाड बटणं काढून दिली. प्रत्येक फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून एकेक चिकटवलं. मूळ फोटो काचेसकट पुठ्ठ्याच्या खोक्यात, काळ्या अस्तराच्या त्या तुकड्यात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवलाय.

चित्र बघणारे लांबून आजोबांना ओळखतात. जवळ आले की शर्टावर बोट फिरवतात, कारण तिथे काहीतरी उंचवटा आहे हे डोळ्यांना कळतं. बोटाला दोरा लागला की विचारतात, हे कुणी केलं? आजी आत असेल तर आजोबाच उत्तर देतात. “आमच्या दुकानाची सगळी काजं हिचीच,” ते म्हणतात. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तरी याआधी ऐकलं नव्हतं.